एका खिचडीचे अकरा पत्ते

साबुदाण्याच्या खिचडीची पाककृती लिहून झाली आहे. साबुदाणा किती वेळ भिजवायचा, दाण्याचं कूट कधी घालायचं, झाकण किती वेळ ठेवायचं, सगळं नीट सांगून झालं. फोटो चढवले. आता फक्त ‘प्रकाशित करा’चं बटण दाबायचं, पण त्याआधी पडद्याच्या उजव्या बाजूला दोन चौकोन उरले आहेत. एकावर लिहिलंय कॅटेगरी, दुसऱ्यावर टॅग. लिहिणारीने खिचडीला तीन कॅटेगऱ्या दिल्या: नाश्ता, उपवासाचे पदार्थ, झटपट रेसिपी. मग टॅगच्या चौकोनात सुचेल तसं टाइप केलं: साबुदाणा, साबुदाणा खिचडी, खिचडी, उपवास, उपास, एकादशी, शेंगदाणे, मराठी रेसिपी. हे काम अर्ध्या मिनिटात आटोपलं. त्या अर्ध्या मिनिटात एका खिचडीला अकरा पत्ते मिळाले.

पत्ते हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. जगातल्या असंख्य वेबसाइटी ज्या वर्डप्रेसवर चालतात, तिथे कॅटेगरी किंवा टॅग ही नुसती लेखाला चिकटवलेली चिठ्ठी नसते. नवा टॅग टाइप करून लेख प्रकाशित केला, की त्या टॅगच्या नावाचं एक पान वेबसाइटवर आपोआप उभं राहतं. त्याला स्वतःचा पत्ता असतो, तो `/tag/` किंवा `/category/` असा सुरू होतो, आणि त्या पानावर तो टॅग लावलेल्या लेखांची यादी असते. पान कुणी लिहिलेलं नसतं, पण वाचक तिथे पोचू शकतो आणि गूगलही पोचू शकतं. म्हणून टॅग टाइप करणं म्हणजे दुकानात एक नवं कपाट आणून त्यावर पाटी लावणं आहे. त्या कपाटात पुढे काय ठेवणार, हा प्रश्न टाइप करताना सहसा कुणी विचारत नाही.

हे कसं फुगत जातं ते एका हिशेबाने पाहू. आकडे उदाहरणापुरते मांडले आहेत, पण पाचसहा वर्षं चाललेली कुठलीही पाककृतींची वेबसाइट उघडून पाहिली तर चित्र फारसं वेगळं नसतं. समजा, सांगलीतल्या एका गृहिणीने सहा वर्षांत 240 पाककृती लिहिल्या. प्रत्येकीला सरासरी पाच टॅग, म्हणजे 1200 वेळा टॅग लावला गेला. वेगवेगळे टॅग झाले 410. त्यांतले 44 टॅग बऱ्यापैकी वापरात आहेत, म्हणजे पाच किंवा त्याहून जास्त पाककृतींवर आहेत. 104 टॅग दोन ते चार पाककृतींवर आहेत. उरलेले 262 टॅग फक्त एकेकदा लावले गेले आणि पुन्हा कधी आठवलेच नाहीत. शिवाय कॅटेगऱ्या आहेत 31. म्हणजे खऱ्या मजकुराची 240 पानं आणि यादीची 441. या वेबसाइटवरच्या दर तीन पानांपैकी जवळजवळ दोन पानांवर स्वतःचं असं काहीच नाही.

एकच पाककृती असलेलं टॅगचं पान वाचकाच्या बाजूने पाहावं. तो खिचडीच्या खाली ‘शेंगदाणे’ दिसलं म्हणून त्यावर बोट ठेवतो. त्याला वाटतं, शेंगदाण्याची आमटी असेल, चिक्की असेल, सुकी चटणी असेल. उघडलेल्या पानावर तीच खिचडी असते, जिथून तो आत्ता आला. तो मागे फिरतो, आणि पुढच्या वेळी त्या वेबसाइटवर कुठल्याच टॅगला हात लावत नाही. बाकीच्या 44 कामाच्या टॅगांची पतही त्याच्या लेखी तिथेच जाते.

गूगलच्या बाजूची गोष्टही फार वेगळी नाही. फेब्रुवारी 2011 मध्ये गूगलने आपल्या शोधपद्धतीत एक मोठा बदल केला, तो ‘पांडा’ या नावाने ओळखला जातो. ज्या वेबसाइटींवर उथळ, इकडून तिकडून उचललेली, वाचकाच्या हाती काही न देणारी पानं जास्त, त्यांना खाली ढकलणं हा त्याचा हेतू होता. अमेरिकेतल्या सुमारे 12 टक्के शोधांच्या निकालांवर त्याचा परिणाम झाल्याचं कंपनीनेच तेव्हा सांगितलं होतं. तेव्हापासून अशा पानांना ‘थिन’, म्हणजे पातळ पानं म्हणण्याची रीत पडली. टॅगचं पान असतं म्हणून कुणाला शिक्षा होते असं मुळीच नाही. पण ‘साबुदाणा खिचडी’ टॅगचं पान आणि साबुदाणा खिचडीची पाककृती ही दोन्ही पानं एकाच शब्दांसाठी उभी असतील, तर शोधणाऱ्यापुढे कोणतं ठेवायचं हा निवाडा यंत्रावर सोपवला जातो. कधीकधी तो चुकतो. मग खिचडीच्या शोधात निघालेला माणूस आधी यादीवर उतरतो आणि त्याला तिथून पुन्हा एकदा टिचकी मारावी लागते.

मुळात ही दोन वेगळी साधनं का आहेत? वर्डप्रेसमध्ये सुरुवातीला फक्त कॅटेगऱ्या होत्या. टॅग आले ते 2007 च्या सप्टेंबरात, 2.3 या आवृत्तीत. त्यामागे त्या काळची एक लाट होती. 2003 मध्ये जोशुआ शॅक्टर यांनी ‘डिलिशस’ नावाची सेवा सुरू केली. तिथे कुणीही आपल्याला आवडलेल्या वेबपानांचे पत्ते साठवू शकत होतं आणि त्यांना मनाला येतील त्या खुणा लावू शकत होतं. लोकांनीच घडवलेल्या या वर्गीकरणाला थॉमस वँडर वॉल यांनी 2004 मध्ये ‘फोक्सॉनॉमी’ असं नाव दिलं. कल्पना लोभस होती. पण डिलिशसवर एकाच पानाला शेकडो माणसं खुणा लावत. कुणी चुकीची खूण लावली तरी ती गर्दीत बुडून जाई आणि बहुतेकांनी लावलेली खूण वर येई. एकट्या माणसाच्या वेबसाइटवर ती गर्दीच नसते. तिथे मंगळवारी सुचलेला टॅग आणि शुक्रवारी सुचलेला टॅग यांत निवड करायला दुसरं कुणी येत नाही, दोन्ही राहतात. साधन गर्दीसाठीचं होतं, ते एकट्याच्या घरात आलं, आणि घोळाची सुरुवात तिथून झाली.

कॅटेगऱ्यांचा घोळ वेगळ्या जातीचा आहे आणि तो जास्त खोल जातो. सांगलीच्या त्या वेबसाइटच्या मेनूत शेजारी शेजारी ही नावं आहेत: नाश्ता, उपवासाचे पदार्थ, दिवाळी फराळ, कोकणी, गोड पदार्थ, झटपट, ओव्हन, मुलांसाठी. प्रत्येक नाव सुटं घेतलं तर बरोबरच आहे. पण नाश्ता ही दिवसाची वेळ आहे, उपवास हे बंधन, दिवाळी हा प्रसंग, कोकण हा प्रदेश, गोड ही चव, झटपट हे घड्याळ आणि ओव्हन हे उपकरण. आठ पाट्या आठ वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात आणि एका ओळीत उभ्या आहेत. आता उकडीचे मोदक कुठे ठेवायचे? ते गोड आहेत, कोकणातले आहेत, मुलांना आवडतात. लिहिणारी तिन्ही ठिकाणी खूण करते. वाचकाला मात्र एकाच ठिकाणी बोट ठेवायचं असतं, आणि नेमकं कुठे ठेवावं हे मेनू त्याला सांगत नाही.

या दुखण्याचं निदान एका भारतीयाने शंभर वर्षांपूर्वी केलं होतं, आणि तेही पुस्तकांच्या कपाटांसमोर उभं राहून. शियाळी रामामृत रंगनाथन 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिक्षणासाठी लंडनला गेले. तिथल्या एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा संच पाहिला. त्याच त्या पट्ट्या, चाकं आणि स्क्रू वेगवेगळ्या तऱ्हेने जोडून दर वेळी नवं खेळणं तयार होत होतं. तोवरच्या वर्गीकरणांत प्रत्येक विषयाला आधीच ठरवलेला एकच खण असे. रंगनाथन यांना मेकॅनोत दुसरी वाट दिसली. विषयाचे पैलू सुटे करायचे, प्रत्येक पैलूची छोटी यादी करायची आणि पुस्तक आलं की त्या यादींतले तुकडे जोडून त्याची जागा सांगायची. त्यांची ‘कोलन’ वर्गीकरण पद्धती 1933 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात पैलू पाच मानले आहेत, आणि स्थळ व काळ हे त्यांतले दोन.

पाककृतींना हीच रीत लावून पाहावी. कागदावर उभे रकाने आखायचे आणि प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न द्यायचा. पदार्थ कोणत्या प्रकारचा? कोणत्या प्रसंगाचा? कशापासून केलेला? कुठला? कोणाची किंवा कशाची गरज भागवणारा? मग आधीच्या सगळ्या कॅटेगऱ्या आणि टॅग या पाच रकान्यांत वाटून टाकायचे. ‘दिवाळी फराळ’ प्रसंगात जातो, ‘कोकणी’ प्रदेशात, ‘मुलांसाठी’ गरजेत. कागद भरला की दोन गोष्टी लगेच दिसतात. काही नावं कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. ‘खास’, ‘आवडते’, ‘संकीर्ण’, ‘मराठी रेसिपी’ ही ती नावं. ज्या वेबसाइटवर सगळंच मराठी जेवण आहे, तिथे 240 पाककृतींवर लावलेला ‘मराठी रेसिपी’ हा टॅग काहीही वेगळं काढत नाही. दुसरं म्हणजे एकाच रकान्यात एकाच अर्थाची तीन-चार नावं दाटीवाटीने बसलेली सापडतात.

आता मुख्य निर्णय येतो. या पाचांतल्या एकाच रकान्याला कॅटेगरीचा मान द्यायचा. कोणत्या? ज्यात प्रत्येक पाककृतीला उत्तर असेल आणि ते उत्तर शक्यतो एकच असेल, त्याला. प्रसंग चालणार नाही, कारण भेंडीच्या भाजीला प्रसंग नसतो. प्रदेशही चालणार नाही, कारण वरणभात अमुक ठिकाणचा असं कुणी म्हणत नाही. ‘पदार्थ कोणत्या प्रकारचा’ या प्रश्नाला मात्र प्रत्येक पाककृतीकडे उत्तर असतं. सांगलीच्या वेबसाइटच्या 31 कॅटेगऱ्या अशा तऱ्हेने दहावर येतात: पोळी-भाकरी, भाताचे प्रकार, भाज्या-उसळी, आमटी-कढी, चटण्या-कोशिंबिरी-लोणची, नाश्ता, गोड पदार्थ, मासे-मटण, सरबतं-पन्हं, मसाले-वाळवणं. प्रत्येक पाककृती एकाच कॅटेगरीत राहते. भाज्या-उसळींत 52 पाककृती येतात, नाश्त्यात 41, गोडात 38, सरबतांत आठच. एकही कपाट रिकामं राहत नाही.

कुणी म्हणेल, नाश्ता ही तर वेळ आहे, ती पदार्थाच्या प्रकारांत कशी आली? शंका रास्त आहे. पण पोहे, उपमा, थालीपीठ, धिरडी, खिचडी या सगळ्यांना मिळून मराठी घरात दुसरं नाव नाही. आई विचारते तेव्हा ‘नाश्त्याला काय करू’ असंच विचारते. रकान्याची शुद्धता पाळण्यासाठी ‘अल्पोपाहार’ किंवा ‘हलके पदार्थ’ अशी पाटी लावली, तर तिच्याकडे कुणी पाहणार नाही. जिथे नियम आणि रोजचं बोलणं यांत ओढाताण होते तिथे बोलण्याचंच ऐकावं. नियम एखाद्या ठिकाणी वाकला म्हणून मोडत नाही, फक्त तो कुठे आणि का वाकवला हे लिहून ठेवावं.

पाट्यांची नावं ठरवताना लिहिणाऱ्याने स्वतःच्या डोक्यावर फार विसंबू नये. एक जुना, साधा उपाय आहे. चाळीसेक पदार्थांची नावं एकेका चिठ्ठीवर लिहायची, त्या चिठ्ठ्या एका माणसाच्या हाती द्यायच्या आणि एवढंच सांगायचं, की तुमच्या मनाने ढीग करा आणि प्रत्येक ढिगाला नाव द्या. मध्ये बोलायचं नाही. याला कार्ड सॉर्टिंग म्हणतात. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी 2004 मध्ये यासाठी सुमारे पंधरा माणसं पुरेशी असल्याचं मांडलं होतं. घरगुती वेबसाइटला तेवढी जमवणं जड जात असेल तर सहा-सात जणांतही ढोबळ ढीग दिसू लागतात. मेनू तयार झाला की उलटी परीक्षा घ्यायची. फक्त दहा पाट्या कागदावर लिहून समोरच्याला विचारायचं, भोगीची भाजी कुठे शोधाल? सोलकढी कुठे? पहिलं बोट कुठे गेलं ते टिपायचं. सोलकढीसाठी निम्मी बोटं आमटी-कढीवर आणि निम्मी सरबतांवर गेली, तर तिथे ती एक पाककृती दोन्ही कॅटेगऱ्यांत ठेवायला हरकत नाही. अपवाद असा पुराव्यावर करावा. ‘आजीचा बटवा’ किंवा ‘चुलीपासची गुजगोष्ट’ असली गोड नावं याच परीक्षेत गळतात, कारण त्यांच्या आत काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही.

टॅगांसाठी उरलेले चार रकाने आहेत: प्रसंग, घटक, प्रदेश आणि गरज. यांतला घटकाचा रकाना सगळ्यात फसवा. प्रत्येक पाककृतीत दहा-बारा जिन्नस असतात आणि सगळ्यांचे टॅग लावायचा मोह होतो. इथे एक कसोटी उपयोगी पडते. ‘घरात अमुक आहे, त्याचं काय करू?’ या वाक्यात तो जिन्नस घालून पाहायचा. घरात दुधी आहे, काय करू? हा खरा प्रश्न आहे, कुणीतरी आज संध्याकाळी तो विचारणार आहे. घरात नाचणीचं पीठ आहे, कैऱ्या आल्या आहेत, साबुदाणा उरलाय, हेही खरे प्रश्न. घरात मोहरी आहे, काय करू? असं कुणी विचारत नाही. मोहरीचा टॅग नको.

पण कसोटीला उतरलेल्या टॅगचीही एक जबाबदारी असते, आणि बहुतेक वेबसाइटी तिथेच चुकतात. टॅगच्या पानावर ‘ओला नारळ’ अशी पाटी आहे आणि खाली नऊ पाककृती आहेत. वाचक समजतो की या वेबसाइटवर ओल्या नारळाचे नऊच पदार्थ आहेत. प्रत्यक्षात चाळीस आहेत, पण बाकीच्या एकतीस लिहिताना टॅग लावायचं राहिलं. अपुरी यादी रिकाम्या यादीपेक्षा वाईट, कारण ती पुरी असल्यासारखी दिसते. म्हणून टॅग ठरवताना स्वतःला विचारावं, हा टॅग जुन्या सगळ्या पाककृतींवर मागे जाऊन लावणार आहोत का? उत्तर नाही असेल तर तो टॅग सुरू करू नये.

किती पाककृती असल्या म्हणजे टॅगला जगू द्यावं? याचा सर्वमान्य आकडा कुणी ठरवलेला नाही. कामापुरता पाच धरावा: पाचपेक्षा कमी नावांसाठी वेगळं पान उघडायला लावणं म्हणजे वाचकाला फुकट चाल देणं आहे, ती नावं पाककृतीच्या तळाशी ‘हेही पाहा’ म्हणून देता येतात. मात्र आकडा आंधळेपणाने लावू नये. ‘गणेशोत्सव’ टॅगवर आज तीनच पदार्थ असतील, पण ऋषीची भाजी, पंचखाद्य, निवगऱ्या हे सगळं पुढच्या भाद्रपदात येणारच आहे. तो टॅग ठेवावा. ‘शेंगदाणे’ आज एकावर आहे आणि दुसरा पदार्थ लिहायचा बेत नाही. तो काढावा.

एकच शब्द कॅटेगरी आणि टॅग अशा दोन्ही जागी असणं हा आणखी एक सर्रास दिसणारा दोष. सांगलीच्या वेबसाइटवर ‘उपवासाचे पदार्थ’ या कॅटेगरीत 19 पाककृती होत्या, ‘उपवास’ टॅगवर 14, ‘उपास’ टॅगवर 5 आणि ‘एकादशी’वर 3. चारही यादींत काही नावं सामाईक, पण एकही यादी पुरी नाही. सगळ्या एकत्र मोजल्या तर वेगवेगळ्या पाककृती 27 निघाल्या. आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी जो कुणी येत होता, तो या 27 पैकी काही तरी नक्की हुकवून जात होता.

इथे मराठीची स्वतःची एक अडचण येते. उपवास आणि उपास, दोन्ही बरोबर. दिवाळी आणि दीपावली, कोथिंबीर आणि सांबार, दोन्ही चालतात. त्यातून काही जण ‘Diwali’ असं रोमन लिपीतही टॅग लावतात. हे निदान डोळ्यांना दिसतं. न दिसणारा घोटाळा ‘ऱ’चा आहे. ‘पुऱ्या’ किंवा ‘भाकऱ्या’ यांतला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी उमटवता येतो. एका तऱ्हेत खाली नुक्ता असलेला स्वतंत्र ‘ऱ’ वापरला जातो, युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक U+0931. दुसऱ्या तऱ्हेत साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह, U+200D. कोणती उमटेल हे कीबोर्डवर ठरतं. पडद्यावर दोन्ही ‘पुऱ्या’ हुबेहूब सारख्या दिसतात, पण अक्षरांची माळ निराळी असते. यादीत एकसारखं नाव दोनदा दिसलं तर हे तपासावं. यावर खरा उपाय एकच: टॅग दर वेळी टाइप करायचा नाही, आधीच्या यादीतून निवडायचा.

देवनागरी पत्त्यांचाही एक हिशेब आहे. युनिकोडच्या प्रचलित मांडणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, सगळं वेगवेगळं मोजून, तीन बाइट घेतं आणि पत्त्यात लिहिताना प्रत्येक बाइटची तीन रोमन चिन्हं होतात. म्हणजे एका चिन्हामागे नऊ. ‘उपवास’ हा शब्द पत्त्यात असा साठवला जातो:

```
%E0%A4%89%E0%A4%AA%E0%A4%B5%E0%A4%BE%E0%A4%B8
```

पाच चिन्हांची पंचेचाळीस झाली. वर्डप्रेस टॅगच्या पत्त्याला 200 चिन्हांपर्यंतच जागा देतं, त्यामुळे बाविसेक देवनागरी चिन्हांनंतर पत्ता तुटतो. ‘लहान मुलांच्या डब्यासाठी पौष्टिक पदार्थ’ असा टॅग केला तर पत्ता ‘डब्यासाठी’पाशीच संपतो. तिथे टॅगचं नाव ‘डब्यासाठी’ एवढंच पुरे. पत्त्याच्या ‘स्लग’ नावाच्या रकान्यात `upvas` किंवा `dabba` असं छोटं रोमन रूप हाताने भरलं, तर नाव मराठीत राहतं आणि पत्ता व्हॉट्सअॅपवर पाठवताना टक्केचिन्हांची माळ होत नाही.

जुना पसारा आवरताना घाई नडते. डॅशबोर्डमध्ये टॅगांची यादी उघडली की उजवीकडे प्रत्येकापुढे किती लेख आहेत तो आकडा असतो. त्या रकान्याच्या डोक्यावर टिचकी मारली की सगळे टॅग आकड्याच्या क्रमाने लागतात आणि 262 एकांडे टॅग एका खाली एक उभे राहतात. ते पाहून सगळे एकदम निवडून उडवून द्यावेसे वाटतात. टॅग उडवला तरी पाककृतीला काही होत नाही हे खरं. पण त्या टॅगच्या पानाचा पत्ता मरतो, आणि गूगलवरून किंवा कुणाच्या जुन्या निरोपावरून येणारा माणूस ‘पान सापडलं नाही’ या भिंतीवर आपटतो. म्हणून क्रम असा ठेवावा. आधी वेबसाइटची पूर्ण प्रत काढून ठेवायची. मग गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये पाहायचं, की `/tag/` ने सुरू होणाऱ्या कोणत्या पानांवर लोक खरंच येतात. नंतर एकाच अर्थाच्या टॅगांतला एक ठरवायचा, समजा ‘उपवास’, आणि ‘उपास’ व ‘एकादशी’ असलेल्या सर्व पाककृतींवर तो लावायचा. जुन्या पत्त्यांवरून नव्या पत्त्यावर 301 प्रकारची, म्हणजे कायमची, वळणवाट घालायची. शेवटी जुने टॅग काढायचे. कॅटेगरी काढताना आणखी एक सांभाळायचं. जी पाककृती फक्त त्याच कॅटेगरीत होती, ती वर्डप्रेस आपोआप ठरावीक मूळ कॅटेगरीत टाकतं. तिचं नाव बदललेलं नसेल तर ती ‘Uncategorized’ असते, आणि मग वाचकाला पुरणपोळीच्या डोक्यावर ते नाव दिसतं.

काही जण यातून पळवाट काढतात. सगळ्या टॅगपानांवर `noindex` ही सूचना लावली, की गूगल ती पानं आपल्या निकालांत दाखवत नाही. वाढत्या पण अजून पातळ असलेल्या टॅगांसाठी ही सूचना योग्यच आहे. एवढं लक्षात ठेवावं, की तीच पानं `robots.txt` मधून बंद केली तर गूगलला आत येऊन ही सूचना वाचताच येत नाही. पण वेबसाइटवर आधीच आलेल्या वाचकाला `noindex` दिसत नाही. त्याच्यासाठी ‘शेंगदाणे’ तसाच उभा असतो आणि तीच खिचडी परत दाखवतो.

उलटा दोषही असतो, यादी फार जाड होण्याचा. वर्डप्रेस एका पानावर मुळात दहा लेख दाखवतं, नवा आधी आणि जुना मागे. गोडाच्या 38 पाककृतींची चार पानं होतात आणि सहा वर्षांपूर्वी लिहिलेले उकडीचे मोदक चौथ्या पानाच्या तळाशी जातात. बातम्यांना तारखेचा क्रम शोभतो, मोदकांना नाही. गोडात लाडू, वड्या आणि खिरी असे सांधे नैसर्गिक आहेत. प्रत्येकाची दहाबारा संख्या झाली की पोटकॅटेगरी करावी, त्याआधी नको, नाहीतर एका जाड यादीच्या जागी चार पातळ याद्या येतात. आणि यादीच्या माथ्यावर माणसाने लिहिलेलं काही तरी हवं. कॅटेगरीच्या नावाखाली वर्णनाचा रकाना असतो, बहुतेकांचा तो रिकामा राहतो. काही थीम तो दाखवतच नाहीत, हे आधी पाहून घ्यावं. ‘उपवास’च्या पानावर शंभरेक शब्दांत सांगता येतं, की कोणते पदार्थ आदल्या रात्री भिजवावे लागतात, कोणते वीस मिनिटांत होतात, आणि कुणाकडे भेंडी चालते, कुणाकडे जिरंही चालत नाही. मग ते पान नुसती यादी राहत नाही, वाचक ते खूण करून ठेवतो.

सांगलीच्या वेबसाइटवर हे सगळं लावलं तर 410 टॅगांतले 27 उरतात. चार रकाने, प्रत्येकात पाच ते नऊ नावं, आणि ती एका कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवलेली. नवा टॅग हवासा वाटला तर आधी कागदावर लिहायचा आणि त्यात बसतील अशी पाच नावं समोर मांडायची. 240 पाककृतींमागे यादीची पानं आता 37. साबुदाण्याची खिचडी ‘नाश्ता’ या कॅटेगरीत आहे आणि तिच्यावर दोन टॅग आहेत. ‘उपवास’ दाबलं की 27 पदार्थ दिसतात. ‘साबुदाणा’ दाबलं की वडे, थालीपीठ, खीर, चकल्या आणि पापड दिसतात, आणि सहावी ही खिचडी.